ऑप्शनच्या बॅकटेस्टमधला नफा: बाजाराचा की घड्याळाचा?

ऑप्शन ट्रेडिंग करणाऱ्या प्रत्येकाने तो आलेख पाहिलेला असतो. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी, मध्ये फारशी न डगमगणारी रेषा. खाली लिहिलेलं असतं, ‘पाच वर्षांचा बॅकटेस्ट’. तीच पद्धत खऱ्या पैशांवर चालवली की दोन-तीन महिन्यांत रेषा आडवी होते, मग खाली वळते. त्यावर नेहमीचं उत्तर मिळतं: बाजार बदलला.

कधीकधी बाजार खरंच बदलतो. पण मी असे जेवढे बॅकटेस्ट उघडून पाहिले, स्वतःचे धरून, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नफा मुळात बाजारातून आलेलाच नव्हता. तो डेटाच्या तक्त्यातल्या वेळेच्या रकान्यातून आला होता. हे कसं घडतं ते सावकाश, आकड्यांसकट पाहू. सूत्रं फारशी लागणार नाहीत.

## आधी चार शब्द

बॅकटेस्ट म्हणजे जुन्या भावांवर एखादा नियम चालवून ‘तेव्हा हे केलं असतं तर काय झालं असतं’ हे मोजणं.

लुक-अहेड बायस म्हणजे त्या हिशेबात नकळत भविष्यातली माहिती शिरणं. दहा वाजता घेतलेल्या निर्णयात सव्वादहाचा भाव वापरला गेला, की झाला.

सर्व्हायव्हरशिप बायस म्हणजे जे शेवटपर्यंत टिकले, ज्यांची नोंद उरली, त्यांच्यावरूनच सगळ्यांचा निष्कर्ष काढणं. हजेरीपटावरून नापास झालेल्यांची नावं खोडली तर कुठल्याही वर्गाचा निकाल शंभर टक्के लागतो.

चौथा शब्द इम्प्लाइड व्होलॅटिलिटी. ऑप्शनच्या भावावरून उलट हिशेब केला की बाजार पुढे किती चढउतार धरून चालला आहे ते कळतं. तो हा टक्का. तो जास्त असेल तर ऑप्शन महाग आहे, कमी असेल तर स्वस्त आहे, असं म्हणतात. हा उलट हिशेब करायला दोन भाव लागतात: ऑप्शनचा आणि तो ज्याच्यावर आधारलेला आहे त्या शेअरचा किंवा निर्देशांकाचा. हे दोन भाव एकाच क्षणाचे असायला हवेत. गडबड सुरू होते ती इथे.

## दोन फोटो, दोन वेळा

दोन धावपटूंपैकी कोण पुढे आहे हे ठरवायचं आहे. एकाचा फोटो आत्ताचा आहे, दुसऱ्याचा वीस सेकंदांपूर्वीचा. दोन्ही शेजारी ठेवले तर दुसरा मागे पडलेला दिसेल, प्रत्यक्षात तो बरोबरीने धावत असला तरी. ऑप्शनच्या दिवसअखेरच्या तक्त्यात असेच दोन फोटो शेजारी चिकटवलेले असतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एक शेअर १००० वर आहे. वर्षाचा चढउतार २० टक्के धरू आणि एक्सपायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, साधारण तेवीस दिवसांवर, म्हणजे वर्षाच्या सोळाव्या भागावर. १००० स्ट्राइकच्या कॉलचा, म्हणजे शेअर १००० या ठरलेल्या भावाला घेण्याच्या हक्काचा, भाव या हिशेबाने जवळपास २० पॉइंट निघतो. शेअर एक पॉइंट हलला की हा कॉल अर्धा पॉइंट हलतो. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी एका टक्क्याने बदलली की तो एक पॉइंट हलतो. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे.

आता दिवस संपताना काय झालं ते पाहा. बाजार बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी शेअर १००४ वर होता. त्या वेळी कोणीतरी हा कॉल २२ ला घेतला आणि तो त्या दिवसातला शेवटचा सौदा ठरला. पुढच्या वीस मिनिटांत शेअर १००० वर उतरला आणि तिथेच बंद झाला. कॉलमध्ये आणखी सौदा झालाच नाही. तक्त्यात ओळ अशी पडते: शेअर १०००, कॉल २२.

ही ओळ वाचणाऱ्या प्रोग्रामला ऑप्शन दोन पॉइंट महाग दिसतो, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी २० ऐवजी २२ टक्के. ‘महाग दिसला की विका’ असा नियम असेल तर तो २२ ला विकतो. दुसऱ्या दिवशी शेअर १००० वरच राहिला, कॉलमध्ये सौदे झाले आणि भाव २० च्या आसपास नोंदला गेला. बॅकटेस्ट लिहितो, दोन पॉइंट नफा, सुमारे नऊ टक्के, एका दिवसात.

पण बंद होताना तो कॉल २२ ला घ्यायला कोणी उभंच नव्हतं. त्या क्षणी खरेदीदाराची बोली, म्हणजे बिड, समजा १९.६ होती आणि विकणाऱ्याची मागणी, म्हणजे आस्क, २०.४. विकायला गेला असता तर १९.६ मिळाले असते आणि दुसऱ्या दिवशी परत घेताना २०.४ द्यावे लागले असते. कागदावर दोन पॉइंट नफा, प्रत्यक्षात ०.८ पॉइंट तोटा.

वीस मिनिटांत चार पॉइंटची हालचाल असामान्य नाही. २० टक्के चढउताराच्या शेअरची दिवसाची साधारण हालचाल सव्वा टक्का, म्हणजे साडेबारा पॉइंटच्या आसपास असते. त्यातून वीस मिनिटांच्या वाट्याला तीनेक पॉइंट येतात.

## ‘पण चूक दोन्ही बाजूंना होईल ना? सरासरीत जाईल’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो रास्त वाटतो. कधी शेवटच्या सौद्यानंतर शेअर उतरेल, कधी चढेल. कधी ऑप्शन महाग भासेल, कधी स्वस्त. हजार दिवसांत अधिक-उणे मिळून शून्य. मीही बरीच वर्षं असंच मानत होतो.

डोळे मिटून ऑप्शन निवडला असता तर ते खरं ठरलं असतं. पण कुठलीही पद्धत डोळे मिटून निवडत नाही. ती चाळण लावते. आणि ‘सगळ्यात महाग दिसणारा विका, सगळ्यात स्वस्त दिसणारा घ्या’ ही चाळण नेमकी त्याच ओळी वर काढते जिथे घड्याळाची चूक सगळ्यात मोठी आहे.

आकड्यात पाहू. वेगवेगळ्या ४० कंपन्यांचे असेच २० पॉइंटचे कॉल आहेत. सगळ्यांचा शेवटचा सौदा बंद व्हायच्या वीस मिनिटं आधीचा आहे. खऱ्या अर्थाने कुठलाच महाग नाही, कुठलाच स्वस्त नाही. प्रत्येकाच्या भावातली शिळेपणाची चूक सरासरी शून्य, पण साधारण १.४ पॉइंट इकडेतिकडे. चाळीसांतला सगळ्यात महाग दिसणारा उचलला, तर त्याच्यातली चूक १.४ नसते. चाळीस फासे टाकून सगळ्यात मोठा पाहिल्यासारखं ते आहे. ती चूक सरासरीने तीन पॉइंटच्या घरात जाते. म्हणजे दर सौद्याला प्रीमियमच्या, म्हणजे ऑप्शनच्या भावाच्या, पंधरा टक्क्यांएवढा खोटा नफा, आणि तोही सरासरीने रोज. कारण चूक दुसऱ्या दिवशी आपोआप दुरुस्त होते आणि ती दुरुस्तीच नफा म्हणून नोंदली जाते.

आलेखाची रेषा एवढी गुळगुळीत का दिसते याचंही उत्तर यात आहे. बाजारातून येणारा नफा खडबडीत असतो. नोंदीतल्या चुकीच्या दुरुस्तीतून येणारा नफा पगारासारखा नियमित येतो.

## ही नवशिक्यांचीच चूक आहे का?

नाही. दोन नोंदी सांगतो.

अमेरिकेत एस अँड पी ५०० निर्देशांकाच्या ऑप्शनचं नियमित कामकाज दुपारी सव्वाचारपर्यंत चालतं, तर त्या निर्देशांकातल्या शेअर्सचं नियमित कामकाज चारला संपतं. ऑप्शनचा ‘बंद भाव’ आणि निर्देशांकाचा ‘बंद भाव’ एका ओळीत मांडले की पंधरा मिनिटांची फट त्यात आधीच असते. चार वाजून पाच मिनिटांनी मोठी बातमी आली तर ऑप्शन हलतो, निर्देशांकाचा आकडा जागचा हलत नाही. यात डेटा विकणाऱ्याची चूक नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांना एका क्षणाचे मानणं चुकीचं आहे.

दुसरी नोंद डॉट-कॉम तेजीच्या काळातली. त्या वेळच्या इंटरनेट कंपन्यांच्या ऑप्शनमध्ये कॉल आणि पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, यांचे भाव शेअरच्या भावाशी जुळत नाहीत, असं दिवसअखेरच्या डेटावर केलेल्या संशोधनात दिसलं होतं. २००६ मध्ये रॉबर्ट बॅटालिओ आणि पॉल शुल्ट्झ या प्राध्यापकांनी दिवसातल्या, एकाच वेळेच्या भावांवर तीच तपासणी केली. तेव्हा त्या विसंगतीचा बहुतेक भाग नाहीसा झाला.

## कँडलवर कुठली वेळ लिहिलेली आहे?

आता दिवसअखेरचं सोडून दिवसातल्या डेटाकडे येऊ. ‘माझ्याकडे मिनिटामिनिटाचा डेटा आहे, मला हा प्रश्न नाही,’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग आहे. माझी स्वतःची फजिती इथेच झाली होती.

कँडल म्हणजे ठरावीक वेळेतल्या भावांची एक पट्टी. पंधरा मिनिटांच्या कँडलवर ‘१०:००’ लिहिलेलं असेल तर ती कँडल पावणेदहा ते दहाची की दहा ते सव्वादहाची? दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. पायथनच्या पांडाज लायब्ररीत मिनिटांच्या पट्ट्या बनवल्या की काही न सांगता त्यांना सुरुवातीची वेळ चिकटते:

```python
bars = spot.resample("15min").last()
```

यातल्या 10:00 च्या ओळीत जो शेवटचा भाव आहे तो खरं तर सव्वादहाच्या जरा आधीचा आहे. वेळ दहाची, माहिती सव्वादहाची.

माझा नियम साधा होता. कँडल आधीच्या कँडलच्या वर बंद झाली की कॉल घ्यायचा. ऑप्शनचे भाव वेगळ्या फाइलमध्ये होते आणि त्यांवरची वेळ अचूक होती. मी दोन्ही तक्ते वेळेच्या रकान्यावर जोडले. झालं असं: शेअर दहा वाजता १०००, सव्वादहाला १००३. कँडल वर बंद झाली, इशारा मिळाला. त्या ओळीवर दहाची वेळ असल्यामुळे ऑप्शनचाही दहाचाच भाव आला, २०. प्रत्यक्षात इशारा मिळेपर्यंत सव्वादहा वाजलेले असतात आणि तोपर्यंत कॉल २१.५ झालेला असतो. म्हणजे प्रत्येक सौद्यात दीड पॉइंट फुकट, आणि तोही फक्त भाव वर गेलेल्या वेळी, कारण इशाराच वर गेल्यावर मिळतो. दोनशे सौद्यांत तीनशे पॉइंट.

शेअरच्या बॅकटेस्टमध्ये हीच चूक केली असती तर दर सौद्याला ०.३ टक्के खोटा नफा दिसला असता. ऑप्शनमध्ये तो साडेसात टक्के दिसतो. प्रीमियम शेअरच्या भावाच्या मानाने छोटा असल्यामुळे घड्याळाची तीच चूक इथे पंचवीस पट मोठी होऊन समोर येते. ऑप्शनच्या बॅकटेस्टला वेळेची काळजी जास्त का घ्यावी लागते, याचं सगळ्यात नेमकं कारण मला हे वाटतं.

दुरुस्ती एका ओळीची होती:

```python
bars = spot.resample("15min", label="right", closed="left").last()
```

आता त्याच कँडलवर 10:15 लिहिलं जातं. ही ओळ बदलली आणि माझी तीन वर्षांची चढती रेषा सपाट झाली, खर्च धरला तर खाली गेली.

आपल्या डेटात कुठली पद्धत आहे हे ओळखायला दिवसाची पहिली आणि शेवटची ओळ पाहावी. बाजार उघडण्याच्या नेमक्या वेळेची ओळ असेल आणि बंद होण्याच्या वेळेची नसेल, तर सुरुवातीची वेळ लिहिलेली आहे. उलट असेल तर शेवटची. मात्र एका फाइलमध्ये एक आणि दुसऱ्या फाइलमध्ये दुसरी पद्धत असू शकते. दोन ठिकाणांहून डेटा घेतला असेल तर दोन्हीकडे पाहावंच लागतं. टाइमझोनचंही तसंच आहे. एका फाइलमध्ये स्थानिक वेळ आणि दुसरीत यूटीसी असेल, दोन्हींत वर्षभर ठरावीक तासांचा एकच फरक धरून जोडलं असेल आणि त्या देशात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेत असतील, तर वर्षाचे काही महिने सगळं जुळतं आणि उरलेले महिने तासाभराचं भविष्य दिसू शकतं. नफा वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच येत असेल तर आधी हे तपासावं.

## माहिती मागून, सौदा पुढे

दोन तक्ते जोडताना एक फरक सांभाळला की बरीच गळती थांबते. निर्णय घेताना जे वापरायचं ते त्या क्षणाच्या आधीचं हवं. सौदा ज्या भावाला झाला असं धरायचं तो त्या क्षणाच्या नंतरचा हवा. पांडाजमध्ये दुसरं काम असं होतं:

```python
fills = pd.merge_asof(
    signals, quotes, on="time", by="symbol",
    direction="forward", allow_exact_matches=False,
    tolerance=pd.Timedelta("2min"))
```

`direction` काही न सांगता सोडलं तर ते मागे पाहतं. माहितीसाठी ते योग्य आहे. सौद्याच्या भावासाठी मात्र ते इशाऱ्याच्या आधीचा भाव उचलतं, म्हणजे आपण ठरवण्याआधीच कोणीतरी आपल्यासाठी खरेदी करून ठेवल्यासारखं होतं. शिवाय भाव घ्यायचा तो बिड आणि आस्कचा. घेताना आस्क, विकताना बिड. शेवटच्या सौद्याचा भाव फक्त ‘असं एकदा घडलं होतं’ एवढंच सांगतो.

## घड्याळ बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

ऑप्शनमध्ये यासाठी एक सुंदर सोय आहे. एकाच स्ट्राइकचा, एकाच एक्सपायरीचा कॉल आणि पुट घ्यायचा. स्ट्राइकमध्ये कॉलचा भाव मिळवायचा आणि पुटचा वजा करायचा. जो आकडा येतो तो शेअरच्या भावाच्या अगदी जवळ असायला हवा. व्याज आणि लाभांशामुळे थोडा फरक राहतो, पण तो फरक दिवसभर जवळपास स्थिर असतो.

आपल्या उदाहरणात शेअर १००४ वर असताना कॉल २२ होता. त्याच वेळी पुट १८ च्या आसपास असणार. १००० अधिक २२ वजा १८, बरोबर १००४. ही जोडी स्वतःच सांगते की ती कोणत्या क्षणाची आहे. तक्त्यात शेजारी शेअर १००० लिहिलेला असेल तर चार पॉइंटचा फरक लगेच उघडा पडतो. कॉल शिळा आणि पुट ताजा असेल, म्हणजे २२ आणि २०, तर १००२ येतं आणि दोघांपैकी एकाची वेळ मागे आहे हे कळतं.

हा फरक, म्हणजे जोडीतून निघालेला आकडा वजा शेअरचा भाव, प्रत्येक मिनिटासाठी काढून आलेख पाहावा. तो शांत, सपाट असेल तर घड्याळं जुळलेली आहेत. शेअर जोरात चढला की फरक उणे आणि उतरला की अधिक, असं होत असेल तर ऑप्शनचे भाव मागे आहेत. उलट होत असेल तर शेअरचे भाव मागे आहेत. मी आता कुठल्याही नव्या डेटावर हे पहिल्या दिवशी करतो, पद्धत लिहायला घेण्याआधी. काही शेअर्सचे ऑप्शन एक्सपायरीआधी वापरता येण्याच्या प्रकाराचे असतात. तिथे खोल स्ट्राइकवर हे समीकरण नेमकं बसत नाही, म्हणून शेअरच्या भावाजवळचे स्ट्राइक घ्यावेत.

## हरवलेल्या ओळी

आतापर्यंत चुकीच्या वेळेच्या ओळी पाहिल्या. आता ज्या ओळी तक्त्यात नाहीतच त्यांच्याकडे येऊ. ऑप्शनमधला सर्व्हायव्हरशिप बायस बहुतेकदा तिथून शिरतो.

समजा शेअर १००० वर असताना दर वेळी ११०० चा कॉल ३ पॉइंटला विकायचा आणि एक्सपायरीच्या आदल्या दिवशी परत घ्यायचा. दहा वेळा केलं. नऊ वेळा कॉलची किंमत जवळजवळ शून्यावर आली, नफा नऊ गुणिले तीन, २७. दहाव्या वेळी शेअर ११३० वर गेला. कॉलची किंमत किमान ३०. तोटा २७. एकूण शून्य. पद्धतीत काही दम नाही.

पण शेअर ११३० वर गेल्यावर ११०० च्या कॉलमध्ये सौदे कमी होतात. लोक नव्या भावाजवळच्या स्ट्राइककडे सरकतात. त्या दिवशी आपल्या कॉलमध्ये एकही सौदा झाला नाही तर सौद्यांच्या फाइलमध्ये त्याची ओळ नसते. प्रोग्राममध्ये कुठेतरी `dropna()` लिहिलेलं असतं, रिकाम्या ओळी काढून टाकण्यासाठी. तो दहावा सौदा गुपचूप गायब होतो. उरतात नऊ सौदे, नऊही नफ्याचे. शून्याचे २७ झाले आणि कुठे एक एररही आला नाही.

‘कमी सौदे होणारे ऑप्शन मी आधीच गाळतो’ हा यावरचा नेहमीचा बचाव. प्रश्न एवढाच, गाळताना कुठल्या दिवसाचे सौदे पाहिले? घेताना त्या दिवसाचे पाहिले तर ठीक, ते तेव्हा माहीत होतं. बाहेर पडायच्या दिवसाचे पाहिले तर ते भविष्य झालं. म्हणून घेताना भाव नसेल तर सौदा झाला नाही असं धरता येतं. एकदा आत शिरल्यावर मात्र ओळ नाही म्हणून सौदा टाकता येत नाही. त्या वेळी शेअरच्या भावावरून निघणारी किमान किंमत घ्यावी, ११३० वजा ११००, म्हणजे ३०, आणि विकलेल्या ऑप्शनसाठी त्यावर आणखी थोडी भर धरावी. दुसरा साधा उपाय म्हणजे प्रोग्रामने आत किती सौदे घेतले आणि बाहेर किती निघाले, हे दोन आकडे छापून पाहणं. ते समान नसतील तर नफ्याकडे पाहूच नये.

स्ट्राइकच्या यादीतही हाच धोका आहे. शेअर चढू लागला की एक्सचेंज वरचे नवे स्ट्राइक आणतं. एक्सपायरीनंतर उतरवलेल्या यादीत ते सगळे असतात, मधल्या तेजीत आलेले सुद्धा. ‘यादीतला सगळ्यात वरचा कॉल विका’ असा नियम असेल आणि भाव नसलेल्या दिवशी सूत्राने काढून भरले असतील, तर प्रोग्राम पहिल्याच दिवशी असा स्ट्राइक विकतो जो त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. आणि तो सुरक्षित राहतो, कारण शेअर कुठपर्यंत गेला ते पाहूनच यादी तेवढी लांबलेली असते.

कंपन्यांच्या यादीचं तर सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुट विकणाऱ्यांनी ते पुन्हा एकदा पाहावं. आजच्या निर्देशांकातल्या कंपन्या घेऊन २००१ पासून पुट विकायचा बॅकटेस्ट केला तर त्यात डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेलेली एन्रॉन येत नाही, सप्टेंबर २००८ मधली लेहमन ब्रदर्स येत नाही. पुट विकणाऱ्याचा सगळा धोका अशाच कंपन्यांमध्ये असतो. विमा विकायचा आणि ज्यांची घरं जळली त्यांची नावं आधीच वगळायची, असा तो हिशेब होतो.

## ‘माझ्या पद्धतीचा फायदाच थोड्या मिनिटांचा आहे, मग?’

बॅकटेस्ट तपासायला लोक सांगतात, सौदा एक दिवस उशिरा करून पाहा, नफा गेला तर तो खोटा. ही कसोटी मला कडक वाटते. खरोखरच काही मिनिटं टिकणारा फायदाही त्यात मरतो.

त्यापेक्षा प्रत्येक सौद्याचा नफा दोन तुकड्यांत तोडावा. पहिला तुकडा, बॅकटेस्टने धरलेल्या भावापासून इशाऱ्यानंतर मिळणाऱ्या पहिल्या खऱ्या बिड किंवा आस्कपर्यंत. दुसरा, तिथपासून शेवटपर्यंत. पहिल्या तुकड्यातला पैसा कोणालाच मिळत नाही. मिनिटभर टिकणारा खरा फायदा असेल तरी तो दुसऱ्या तुकड्यात दिसायलाच हवा. माझ्या त्या कॉलच्या पद्धतीत दर सौद्याचा सगळा नफा पहिल्या तुकड्यात होता आणि दुसऱ्यात थोडा तोटा.

आणखी एक तपासणी जरा मेहनतीची आहे, पण खात्री पटवते. संगणकावर खोटा बाजार तयार करायचा. शेअर उगाच इकडेतिकडे हलणारा, सगळे ऑप्शन २० टक्क्यांवर अचूक भावात, कुठेही कसलाच फायदा नाही. मग आपल्या डेटात जेवढा शिळेपणा आहे तेवढाच त्यात घालायचा, तशाच ओळी गाळायच्या आणि आपला प्रोग्राम त्यावर चालवायचा. जो नफा निघेल तो संपूर्ण आपल्या डेटाच्या हाताळणीचा. खऱ्या डेटावरचा नफा त्याच्याएवढाच असेल तर हातात काहीच नाही.

## दिवसअखेरचाच डेटा असेल तर काय करता येतं?

शेवटच्या सौद्याची वेळ नाही, बिड-आस्क नाही, फक्त दिवसाचा एक बंद भाव आहे, अशा डेटातून ‘कुठला ऑप्शन आज महाग आहे’ या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. कितीही हुशारीने प्रोग्राम लिहिला तरी तो शिळेपणा आणि महागाई यांत फरक करू शकणार नाही, कारण त्या ओळीत दोन्हींची खूण एकच आहे.

मात्र काही प्रश्न तरीही विचारता येतात. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, शेअरच्या भावाजवळचा ऑप्शन, भावाकडे न पाहता विकला आणि एक्सपायरीपर्यंत धरला तर काय झालं असतं? इथे चाळण नाही, त्यामुळे घेतानाची दोन पॉइंटची चूक खरोखर कधी अधिक, कधी उणे होऊन सरासरीत जाते. शेवट एक्सपायरीच्या अधिकृत सेटलमेंट भावावर होतो, त्यामुळे बाहेर पडायची ओळ हरवत नाही. त्यातून बिड-आस्कचा अंदाजे अर्धा फरक वजा करायचा. रेषा खडबडीत येते, मध्ये मोठे खड्डे असतात, आणि त्या खड्ड्यांच्या तारखा बाजाराच्या इतिहासातल्या वाईट दिवसांशी जुळतात.